फ्रेंच शब्दांची घराणी: ओळखीच्या शब्दावरून अनोळखी शब्द कसा काढायचा

फ्रेंचमध्ये दाताला ‘दाँ’ म्हणतात. लिहिताना शेवटी टी असतो, पण उच्चारात तो येत नाही. आता दाताच्या डॉक्टरचा शब्द पाहा: ‘दाँतिस्त’. दातांशी संबंधित ते ‘दाँतेर’, आणि ज्याच्या तोंडाचं बोळकं झालंय तो ‘एदाँते’. मूळ शब्दात गप्प असलेला टी या तिन्ही शब्दांत ऐकू येतो, कारण आता त्याच्यापुढे स्वर आला आहे.

ही गोष्ट फ्रेंच शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच महिन्यात भेटलेली असते. लहान मुलगा ‘प्ती’, लहान मुलगी ‘प्तीत’. मोठा ‘ग्राँ’, मोठी ‘ग्राँद’. वर्गात आपण ते ‘स्त्रीलिंगाचा नियम’ म्हणून पाठ करतो आणि पुढे जातो. खरं तर हा नियम स्त्रीलिंगापुरता नाही. फ्रेंचमधले हजारो शब्द याच पद्धतीने एकमेकांना बांधलेले आहेत, आणि ते नातं कानापेक्षा डोळ्यांना लवकर दिसतं. म्हणून शब्दाचं न बोललं जाणारं टोक नीट पाहायची सवय लागली की नवे शब्द ओळखता येऊ लागतात. (या लेखात फ्रेंच शब्द देवनागरीत, जवळच्या उच्चाराने दिले आहेत. जिथे स्पेलिंगवर अर्थ अवलंबून आहे तिथे अक्षराचं नाव दिलं आहे.)

‘शाँ’ हा उच्चार घ्या. शेवटी पी असलेला शाँ म्हणजे शेत, आणि टी असलेला शाँ म्हणजे गाणं. कानाला दोन्ही सारखेच. पण पहिल्याच्या घरातून ‘शाँपेत्र’, म्हणजे शेतशिवारातलं, ग्रामीण, हा शब्द निघतो आणि दुसऱ्याच्या घरातून ‘शाँते’, म्हणजे गाणं म्हणणं. ‘साँ’चंही तसंच. जी असलेला साँ म्हणजे रक्त, म्हणून रक्तबंबाळ तो ‘साँग्लाँ’. टी असलेला साँ म्हणजे शंभर, म्हणून शंभरेक म्हणायचं तर ‘साँतेन’. स्पेलिंग पाठ होत नाही अशी तक्रार करणाऱ्याने त्या शब्दाचा एखादा भाऊबंद शोधावा. ‘प्लों’ म्हणजे शिसं, त्याच्या शेवटी बी का, हे ‘प्लोंबिए’ म्हणजे प्लंबर हा शब्द कळल्यावर विचारावंच लागत नाही. पूर्वी नळ शिशाचे असत, म्हणून नळवाला हा शिसेवाला.

या ‘प्लोंबिए’तला ‘इए’ हा प्रत्यय मला सगळ्यांत कामाचा वाटतो. त्याचं स्पेलिंग आय-ई-आर, स्त्रीलिंगात ‘इएर’. तो तीन कामं करतो. एक, त्या वस्तूचा धंदा करणारा माणूस: ‘ले’ म्हणजे दूध, तर ‘लेतिए’ म्हणजे दूधवाला. दोन, त्या फळाचं झाड: ‘पोम’ म्हणजे सफरचंद, तर ‘पोमिए’ म्हणजे सफरचंदाचं झाड. केळीचं ‘बानानिए’, आंब्याचं ‘माँगिए’. तीन, ती वस्तू ठेवायचं भांडं: ‘स्यूक्र’ म्हणजे साखर, ‘स्यूक्रिए’ साखरेचं भांडं. ‘सूप’साठी ‘सूपिएर’, चहासाठी ‘तेइएर’. म्हणजे मूळ शब्द काय आहे एवढं कळलं की तीनच शक्यता तपासायच्या. फळ असेल तर झाड, जेवणाच्या टेबलावरची वस्तू असेल तर भांडं, बाकी बहुतेक वेळा माणूस.

‘बहुतेक वेळा’ म्हणायला कारण आहे. ‘क्विझिन’ म्हणजे स्वयंपाकघर. त्याचा ‘क्विझिनिए’ हा आचारी, पण ‘क्विझिनिएर’ ही स्वयंपाकीणही असते आणि शेगडीही. कोणती, ते वाक्यच सांगतं. शिवाय जी किंवा सीएच नंतर या प्रत्ययातला आय गळून पडतो. म्हणून संत्र्याचं झाड ‘ओराँजे’ आणि पाववाला ‘बुलाँजे’. ही ‘इए’चीच भावंडं आहेत, फक्त चेहरा थोडा बदललेला. आणि कधी कधी टी मुळात नसतानाही येतो. ‘काफे’पासून ‘काफ्तिएर’, ‘बिजू’ म्हणजे दागिना, त्यापासून ‘बिजुतिए’ म्हणजे जवाहिऱ्या. दोन स्वर एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये हा टी घातला आहे. त्यावरून ‘काफे’च्या शेवटी टी लिहायचा नसतो.

आता शब्दाच्या पुढच्या टोकाकडे. उपसर्ग शिकायला सगळ्यांत चांगली जोडी म्हणजे ‘पोर्ते’ आणि ‘म्ने’ ही दोन क्रियापदं. पोर्ते म्हणजे वस्तू उचलून नेणं, वाहणं. म्ने म्हणजे माणसाला किंवा जनावराला सोबत घेऊन चालवणं. त्यांना ‘आ’ लागला की दिशा आपल्याकडे: ‘आपोर्ते’ म्हणजे वस्तू आणणं, ‘आम्ने’ म्हणजे माणसाला घेऊन येणं. ‘आँ’ लागला की दिशा इथून दूर: ‘आँपोर्ते’ म्हणजे वस्तू घेऊन जाणं, ‘आँम्ने’ म्हणजे माणसाला घेऊन जाणं. फ्रान्समध्ये सँडविच घ्यायला गेलात की दुकानदार विचारतो, ‘सूर प्लास ऊ आ आँपोर्ते?’ इथेच खाणार की घेऊन जाणार? तिथे तो ‘आँ’ ऐकू आला की काम झालं.

याच्यापुढे ‘र’ लावला तर ‘परत’ हा अर्थ मिळतो: ‘रापोर्ते’ म्हणजे वस्तू परत आणून देणं, ‘राम्ने’ म्हणजे माणसाला परत पोचवणं. व्यवस्था इतकी सुटसुटीत आहे की वर्गात तिचा चौकोन काढून दाखवतात. पण फ्रेंच माणसं रोजच्या बोलण्यात तो चौकोन पाळत नाहीत. ‘पावाची लादी घेऊन ये’ म्हणताना ‘आपोर्ते’च्या जागी ‘आम्ने’ सर्रास ऐकू येतं. परीक्षेत मात्र वस्तूला पोर्ते आणि माणसाला म्ने हेच लिहावं.

पोर्तेच्या घरातले काही शब्द या सरळ हिशेबाबाहेर गेले आहेत. ‘रांपोर्ते’ याचा अर्थ परत घेऊन जाणं असाही आहे, पण वर्तमानपत्रात तो बहुधा ‘जिंकणं’ म्हणून येतो: सामना, निवडणूक, बक्षीस. ‘स्यूपोर्ते’ म्हणजे खालून पेलणं, आणि त्यावरून सहन करणं. इंग्रजी येणारा माणूस इथे हमखास चुकतो. ‘ज न स्यूपोर्त पा स ब्रुई’ याचा अर्थ ‘मी या आवाजाला पाठिंबा देत नाही’ असा नाही. ‘हा आवाज मला सहन होत नाही’ असा आहे. आणि सहन न होणारा माणूस किंवा उकाडा तो ‘अँस्यूपोर्ताब्ल’. या एका शब्दात चार तुकडे आहेत: नकाराचा अँ, खालून या अर्थाचा स्यू, मूळ पोर्त, आणि ‘करता येण्याजोगं’ या अर्थाचा आब्ल.

उपसर्गांमध्ये जिवंत कोणते आणि गोठलेले कोणते, हे ओळखता आलं पाहिजे. ‘स्यू’ आज कोणी नव्या क्रियापदाला लावत नाही. ‘र’ आणि ‘दे’ मात्र रोज नवे शब्द घडवतात. 2020 साली हे सगळ्यांनी पाहिलं. 17 मार्चला फ्रान्समध्ये टाळेबंदी लागली, तिला ‘कोंफिनमाँ’ म्हणू लागले. ‘कोंफिने’ म्हणजे कोंडून ठेवणं, त्याला नाम बनवणारा ‘माँ’ लागला. 11 मेपासून निर्बंध सैल होऊ लागले, तेव्हा शब्द आला ‘देकोंफिनमाँ’. ऑक्टोबरच्या शेवटी पुन्हा टाळेबंदी आली, तर ‘रकोंफिनमाँ’. शब्दकोश उघडायची गरज कोणालाच पडली नाही. ‘दे’ म्हणजे केलेलं उलटवणं, ‘र’ म्हणजे पुन्हा, हे लोकांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

या ‘माँ’बद्दल एक सूचना. तो दोन वेगळ्या ठिकाणी येतो. क्रियापदाला लागला तर नाम बनतं, तेही पुल्लिंगी. विशेषणाच्या स्त्रीलिंगी रूपाला लागला तर क्रियाविशेषण बनतं: ‘लाँ’ म्हणजे मंद, स्त्रीलिंगात ‘लाँत’, म्हणून हळूहळू ते ‘लाँत्माँ’. वाचताना फरक ओळखायचा सोपा मार्ग म्हणजे आधीचा शब्द पाहणं. तिथे ‘ल’ किंवा ‘अँ’ असं आर्टिकल असेल तर ते नाम आहे.

प्रत्ययावरून लिंग कळतं, हा याचा मोठा फायदा. ‘माँ’ आणि ‘आज’ने संपणारी अशी घडवलेली नामं पुल्लिंगी, ‘स्यों’ आणि ‘ते’ने संपणारी भाववाचक नामं स्त्रीलिंगी. मग समुद्रकिनारा ‘प्लाज’, चित्र ‘इमाज’, पोहणं ‘नाज’ हे स्त्रीलिंगी कसे? कारण तिथे आज हा प्रत्ययच नाही. तो मूळ शब्दाचा भाग आहे. ‘नाज’ निघतो ‘नाजे’ या क्रियापदातून, आणि त्यातला आज वेगळा केला तर उरतो फक्त एन. याउलट ‘लावाज’ म्हणजे धुणं, त्यातला आज काढला की ‘लाव’ उरतं, जे ‘लावे’ या क्रियापदाचं मूळ आहे. प्रत्यय काढल्यावर खाली काहीतरी शिल्लक राहिलं पाहिजे, ही खूण पुढेही कामी येणार आहे.

आता एक पूर्ण वाक्य सोडवून पाहू. समजा विमानतळाबद्दलच्या बातमीत हे वाक्य आलं: ‘लातेरिसाज आ एते रतार्दे आ कोझ द लाँनेजमाँ द ला पिस्त.’ आपल्याला ‘तेर’ म्हणजे जमीन, ‘तार’ म्हणजे उशिरा, ‘नेज’ म्हणजे बर्फ हे पहिल्या वर्षाचे शब्द माहीत आहेत. ‘आ कोझ द’ म्हणजे ‘च्यामुळे’ आणि ‘पिस्त’ म्हणजे धावपट्टी, हेही माहीत आहे. बाकी तीन मोठे शब्द अनोळखी.

पहिला, ‘आतेरिसाज’. सुरुवात नेहमी शेपटाकडून करावी, कारण शब्द नाम आहे की क्रियापद ते शेपूट सांगतं. आज काढला: म्हणजे हे कशाची तरी क्रिया सांगणारं पुल्लिंगी नाम. उरलं ‘आतेरिस’. हा ‘इस’ आपल्या ओळखीचा आहे. ‘फिनीर’ या क्रियापदाचं ‘नू फिनिसों’ होतं, तोच. म्हणजे क्रियापद ‘आतेरीर’. आता पुढचा आ काढला, ‘तेर’ उरलं. आ म्हणजे कडे. जमिनीकडे जाणं, जमिनीला टेकणं. विमानाच्या बातमीत याचा अर्थ उतरणं.

दुसरा, ‘रतार्दे’. शेवटचा ‘ए’ हा झालेल्या क्रियेचा. आत ‘तार’ दिसतंय, त्याच्या शेवटचा गप्प डी इथे बोलतोय. ‘र’चा अर्थ इथे पुन्हा असा लावला तर ‘पुन्हा उशीर झाला’ असं होईल. वाक्यात आधी कधी उशीर झाल्याचा उल्लेख नाही, म्हणून तो अर्थ सोडून द्यायचा. हा ‘र’ लॅटिनमधूनच चिकटून आला आहे, गोठलेला. शब्दाचा अर्थ नुसता उशीर होणं.

तिसरा, ‘आँनेजमाँ’. माँ काढला, आँ काढला, ‘नेज’ उरलं. हा आँ मघाशी ‘दूर’ या अर्थाने आला होता. पण त्याचा अर्थ तो कशाला लागतो त्यावर अवलंबून असतो. नामाला पुढून आँ आणि मागून क्रियापदाचा प्रत्यय एकदम लागले की अर्थ होतो ‘त्यात घालणं, त्याने भरणं’. बर्फाने भरणं, बर्फ साचणं. पूर्ण वाक्य: धावपट्टीवर बर्फ साचल्यामुळे विमान उतरायला उशीर झाला.

याच साच्यातला ‘आँबुतेयाज’ मात्र दगा देतो. ‘बुतेय’ म्हणजे बाटली. आँ, बुतेय, आज: बाटलीत भरण्याची क्रिया. हिशेब बरोबर आहे आणि दारूच्या कारखान्यात तो अर्थ चालतोही. पण रेडिओवर सकाळी आठ वाजता हा शब्द ऐकलात तर तो आहे ट्रॅफिक जॅम. बाटलीच्या अरुंद गळ्यात सगळं अडकल्यासारखी गाड्यांची गर्दी. तुकड्यांवरून शब्दाचा उगम कळतो. आजचा अर्थ वाक्याने सांगावा लागतो.

आतापर्यंतची घराणी दिसायला सरळ होती. काही घराण्यांत मात्र मूळ शब्द आणि त्याची मुलं एकमेकांसारखी दिसतच नाहीत. हात म्हणजे ‘मँ’, पण हाताने केलेलं ते ‘मान्युएल’. रात्र म्हणजे ‘न्वी’, पण रात्रीचं ते ‘नोक्त्यूर्न’. शाळा म्हणजे ‘एकोल’, पण शालेय ते ‘स्कोलेर’. मराठी माणसाला यात नवल वाटायला नको. आपण हात म्हणतो, पण हस्तलिखित लिहितो. दूध पितो आणि दुग्धव्यवसाय करतो. दात दुखला की दंतवैद्याकडे जातो. बोलण्यात झिजलेला तद्भव शब्द आणि ग्रंथातून उचललेला तत्सम शब्द अशी जी जोडी मराठीत आहे, तीच फ्रेंचमध्ये लॅटिनच्या बाबतीत आहे. बोलली जाणारी लॅटिन शतकानुशतकं झिजून ‘मँ’ आणि ‘न्वी’ झाली. पुढे मध्ययुगाच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर विद्वानांनी लॅटिन पुस्तकांतून तेच शब्द न झिजलेले परत आणले. योगायोग म्हणजे आपला दंत आणि फ्रेंचांचा दाँ हेही मुळात एकाच कुळातले.

इथे इंग्रजी शिकलेल्या भारतीय विद्यार्थ्याची बाजू मजबूत आहे. मॅन्युअल, नॉक्टर्नल हे त्याला आधीच माहीत असतात. त्याला अडतो तो रोजचा, झिजलेला शब्द. तो शोधायची एक किल्ली आहे: हरवलेला एस. जुन्या फ्रेंचमध्ये व्यंजनाच्या आधीचा एस बोलण्यातून गेला, पण लिहिण्यात बराच काळ राहिला. फ्रेंच अकादमीने 1740 च्या शब्दकोशात असे अनेक एस काढले आणि बऱ्याच ठिकाणी आधीच्या स्वरावर टोपीसारखं चिन्ह ठेवलं. त्या टोपीनंतर मनात एस घालून पाहा. ‘फोरे’ची फॉरेस्ट होते, ‘ओपिताल’चं हॉस्पिटल, ‘बेत’चा बीस्ट. इंग्रजीने हे शब्द एस शाबूत असतानाच घेतले होते. फ्रेंचमधल्याच भावंडांतही एस परत येतो: वनखात्याशी संबंधित ‘फोरेस्तिए’, रुग्णालयाशी संबंधित ‘ओस्पितालिए’. शब्दाच्या सुरुवातीला तिरकी रेघ असलेला ‘ए’ आणि पुढे टी, पी किंवा सी दिसला तरी तीच युक्ती. ‘एत्यूद’ म्हणजे स्टडी, ‘एपिस’ म्हणजे स्पाइस, ‘एता’ म्हणजे स्टेट. मसालेवाला ‘एपिसिए’ आज किराणा दुकानदार झाला आहे, पण मसाला अजून त्याच्या नावात आहे.

ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. ‘मूर’ म्हणजे पिकलेलं, त्यावर टोपी आहे पण एस कधीच नव्हता. तिथे एक स्वर गळाला आहे. ‘एग्लीझ’ म्हणजे चर्च, तिथेही सुरुवातीला एस नाही.

खरा धोका इंग्रजीकडूनच येतो. ‘आबिते’ म्हणजे राहणं. ‘इनाबिते’ म्हणजे जिथे कोणी राहत नाही असं. इंग्रजीत त्याच स्पेलिंगचा जवळचा शब्द नेमका उलट, वस्ती असलेलं असं सांगतो. एखाद्या बेटाबद्दल ‘इनाबिते’ वाचून तिथे गाव असेल असं समजलात तर पूर्ण परिच्छेद उलटा लागेल. कारण हा उपसर्ग दोन जातींचा आहे. एक नकाराचा, जो संस्कृतच्या ‘अन्’चा सख्खा नातेवाईक आहे, आणि दुसरा ‘आत’ या अर्थाचा. टँकरवर लिहिलेला ‘अँफ्लामाब्ल’ यातला दुसऱ्या जातीचा आहे. त्याचा अर्थ पेट घेणारं असा. पेट न घेणारं म्हणायचं तर त्यालाच नकार जोडून ‘इनँफ्लामाब्ल’ करावं लागतं. ‘दे’चंही असंच आहे. ‘मोंत्रे’ म्हणजे दाखवणं, पण ‘देमोंत्रे’ म्हणजे लपवणं नव्हे. सिद्ध करून दाखवणं. तिथे ‘दे’ उलटवत नाही, जोर देतो.

म्हणून अंदाज बांधल्यावर दोन तपासण्या कराव्यात. तुकडे काढल्यावर उरलेला शब्द खरोखर फ्रेंच शब्द आहे का? आणि त्याचा अर्थ वाक्यात बसतो का? ‘रेस्ते’ म्हणजे राहणं, त्यातून ‘र’ काढला तर ‘स्ते’ असा शब्दच नाही, म्हणजे तो तुकडा उपसर्ग म्हणून वाचायचा नाही. दोन्हींपैकी एक तपासणी फसली की शब्दकोश उघडावा.

हे सगळं वाचण्या-ऐकण्यासाठी आहे. स्वतः लिहिताना प्रत्यय जोडून शब्द बनवू नयेत. ‘लावे’पासून ‘लावाज’ म्हणजे धुणं. कोणी ‘माँ’ लावून ‘लावमाँ’ केलं तर तोही शब्द आहे, पण त्याचा अर्थ एनिमा. ‘शाँजे’ म्हणजे बदलणं याचं नाम ‘शाँजमाँ’, पण ‘श्वाझीर’ म्हणजे निवडणं याचं नाम नुसतं ‘श्वा’. कोणत्या क्रियापदाने कोणतं शेपूट घेतलं हे त्या त्या शब्दाबरोबर शिकावं लागतं, त्याला नियम नाही.

वहीत शब्द लिहायचे तर घराण्याने लिहावेत. फ्रेंच अकादमीचा 1694 चा पहिला शब्दकोश असाच, मुळांनुसार लावलेला होता. शब्द शोधायला तो अडचणीचा ठरला म्हणून 1718 च्या दुसऱ्या आवृत्तीत सरळ वर्णानुक्रम आला. शिकणाऱ्याला मात्र पहिली पद्धतच सोयीची. एका पानाच्या वर मूळ शब्द, त्यातल्या गप्प अक्षराखाली रेघ, खाली सापडतील तशी भावंडं, नाम असेल तर आर्टिकलसकट. जो शब्द हिशेबाप्रमाणे अर्थ देत नाही, ‘आँबुतेयाज’सारखा, त्याच्या शेजारी तो जिथे भेटला ते पूर्ण वाक्य उतरून घ्यावं. सुरुवातीला ‘पोर्ते’, ‘वनीर’, ‘फेर’ आणि ‘प्राँद्र’ या चार क्रियापदांची पानं केली तरी बातम्या वाचताना दर परिच्छेदात त्यांतलं कोणी ना कोणी भेटत राहतं.